लोपेरामाइड: मॉर्फिनच्या कुळातलं औषध आतड्यापुरतंच का राहतं?

जुलाब थांबवण्यासाठी दिली जाणारी लोपेरामाइडची गोळी मॉर्फिनच्या कुळातली आहे, हे पहिल्यांदा ऐकलं की बहुतेकांना खरं वाटत नाही. मॉर्फिन घेतलं की वेदना कमी होतात, गुंगी येते आणि मात्रा जास्त झाली तर श्वास मंदावतो. लोपेरामाइडच्या नेहमीच्या मात्रेत यातलं काहीच होत नाही, फक्त शौचाला पळापळ थांबते. पण दोन्ही औषधं पेशींवरच्या एकाच रिसेप्टरला चिकटतात. त्याचं नाव म्यू ओपिऑइड रिसेप्टर; मॉर्फिनसारख्या, म्हणजे अफूच्या कुळातल्या औषधांना ओपिऑइड म्हणतात. लोपेरामाइड तर त्याला चांगलंच घट्ट चिकटतं, म्हणजे ते दुबळं आहे म्हणून मेंदूवर चालत नाही असंही नाही.

मग मेंदूत काही का होत नाही? 'ते मेंदूत जातच नाही' हे उत्तर सगळीकडे वाचायला मिळतं. ते चुकीचं नाही, पण अर्धवट आहे. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीतून सहसा स्निग्ध पदार्थात विरघळणारी औषधं सहज पार होतात, पाण्यात विरघळणारी अडतात. लोपेरामाइड चांगलंच स्निग्धप्रेमी आहे. नुसती त्याची घडण बघितली तर ते मेंदूत सरळ शिरायला हवं. आणि ते शिरू लागतंसुद्धा, पण शिरता शिरताच परत बाहेर काढलं जातं. 'शिरत नाही' आणि 'शिरू लागतं पण बाहेर काढलं जातं' यांत फरक काय, हे कळलं की या औषधाचा सुरक्षितपणा कशावर उभा आहे आणि तो कुठे मोडू शकतो, दोन्ही कळतं.

आधी आतड्यात काय होतं ते बघू.

आतड्याचं स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं

आतड्याच्या भिंतीत स्नायूंचे दोन थर असतात. आतला थर आतड्याभोवती कड्यासारखा गोल फिरतो, बाहेरचा लांबीच्या दिशेने जातो. या दोन थरांच्या मधे मज्जातंतूंचं दाट जाळं पसरलेलं असतं. लिओपोल्ड ऑरबाख या शास्त्रज्ञाने १९व्या शतकात त्याचं वर्णन केलं म्हणून ते त्याच्या नावाने ओळखलं जातं. आतड्याची हालचाल हे जाळं मेंदूला न विचारताही चालवू शकतं. शरीराबाहेर काढून योग्य द्रावणात ठेवलेला आतड्याचा तुकडाही आतलं द्रव्य पुढे ढकलू शकतो तो यामुळेच.

अन्न पुढे ढकलण्यासाठी दोन गोष्टी एकदम घडाव्या लागतात. अन्नाच्या मागचा भाग आवळला पाहिजे आणि पुढचा भाग सैल पडला पाहिजे. मागच्या भागात मज्जातंतू ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सोडतात, त्याने स्नायू आवळतो. पुढच्या भागात दुसरे मज्जातंतू नायट्रिक ऑक्साइडसारखी रसायनं सोडतात, त्याने स्नायू सैलावतो. ही लाट पुढे पुढे सरकत जाते.

याच मज्जातंतूंवर म्यू रिसेप्टर बसलेले असतात. ते अफूसाठी घडलेले नाहीत. आपल्या शरीरातच एनकेफॅलिन नावाची ओपिऑइडसारखी रसायनं तयार होतात, १९७५ साली ती ओळखली गेली. आतड्यातले मज्जातंतूही ती वापरतात आणि त्यांनी हालचालीला आवर घालतात. बाहेरून आलेलं औषध हाच आधीपासून असलेला आवर जास्त जोराने लावतं.

लोपेरामाइड रिसेप्टरला चिकटलं की मज्जातंतूच्या पेशीत दोन बदल होतात. पेशीतून पोटॅशियम बाहेर जाऊ लागतं, त्यामुळे ती सहजासहजी उद्दीपित होत नाही. आणि तिच्या टोकाशी कॅल्शियम आत यायचं कमी होतं. ॲसिटिलकोलीनच्या बारीक पिशव्या फुटून रसायन बाहेर पडायला हे कॅल्शियम लागतं. ते कमी आलं की रसायन कमी सुटतं आणि मागून ढकलणारी लाट मंदावते. मॉर्फिन आतड्यातलं ॲसिटिलकोलीन सुटणं कमी करतं, हे पॅटन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९५७ मध्येच गिनिपिगच्या आतड्यावर दाखवलं होतं. लोपेरामाइड तोच रस्ता वापरतं.

इथे एक गैरसमज होतो. औषधाने आतडं 'लुळं' पडतं असं वाटतं, पण नेहमीच्या मात्रेत तसं होत नाही. सैल करणारे मज्जातंतूही दबले जातात, त्यामुळे आतड्याचे गोल स्नायू जागच्या जागी आवळलेलेच राहतात. आतलं द्रव्य तिथल्या तिथे घुसळलं जातं, पण पुढे जात नाही. गुदद्वाराचा स्नायूही जरा घट्ट होतो, त्यामुळे अचानक लागणारी निकड कमी होते.

द्रव्य जास्त वेळ थांबल्याने काय साधतं? दिवसभरात आपण प्यालेलं पाणी, लाळ, जठररस, पित्त असं सगळं मिळून सुमारे ८ ते ९ लिटर द्रव आतड्यात येतो. त्यातला बहुतेक परत शोषला जातो आणि शौचावाटे साधारण १०० ते २०० मिलिलिटर पाणीच बाहेर पडतं. जुलाबात हे शोषण पुरं व्हायच्या आत सगळं पुढे निघून जातं. लोपेरामाइड शोषणाला वेळ मिळवून देतं. शिवाय आतड्याच्या अस्तरातून पाणी बाहेर सोडणंही ते काही प्रमाणात कमी करतं. मात्र जंतू किंवा विष याच्यावर ते काही करत नाही आणि शरीरातून आधीच गेलेलं पाणी व क्षार ते भरून काढत नाही. ते काम ओआरएसचंच.

एका कॅप्सूलचा प्रवास

आता एका प्रौढ माणसाने घेतलेल्या २ मिलिग्रॅमच्या कॅप्सूलच्या मागे जाऊ. २ मिलिग्रॅम म्हणजे २००० मायक्रोग्रॅम.

कॅप्सूल विरघळते आणि औषध आतड्यात पसरतं. त्याला जिथे काम करायचं आहे ती जागा इथेच, काही पेशींच्या अंतरावर, भिंतीच्या आत आहे. म्हणून आतड्याच्या भिंतीत औषध भरपूर असतं, आणि रक्तात फिरून पुन्हा आतड्याशी येण्याची त्याला गरज पडत नाही.

रक्ताकडे जाणाऱ्या वाटेवर मात्र अडथळे आहेत. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींवरच पी-ग्लायकोप्रोटीन नावाचं एक प्रथिन असतं, ते औषधाचा काही भाग परत आतड्याच्या पोकळीत टाकतं. जे पार होतं ते यकृताकडे जाणाऱ्या शिरेत येतं, आणि यकृत त्यावर तुटून पडतं. सीवायपी३ए४ आणि सीवायपी२सी८ ही दोन एन्झाइम लोपेरामाइडचा एक तुकडा काढून टाकतात आणि त्याचं डेसमिथाइल-लोपेरामाइड होतं. औषधाचा मोठा भाग पित्तावाटे पुन्हा आतड्यात आणि शेवटी शौचावाटे बाहेर जातो.

या सगळ्यातून मूळ रूपात सर्वसाधारण रक्तप्रवाहात पोचणारा भाग सुमारे ०.३ टक्के आहे. २००० मायक्रोग्रॅमचा ०.३ टक्के म्हणजे फक्त ६ मायक्रोग्रॅम. एक कॅप्सूल घेतल्यावर रक्तद्रवातली पातळी एका मिलिलिटरमागे २ नॅनोग्रॅमच्याही खाली राहते, आणि त्यातलाही बहुतांश भाग रक्तातल्या प्रथिनांना चिकटून असतो.

म्हणजे मेंदूच्या दाराशी मुळात थोडंच औषध पोचतं. बरेच लेख इथेच थांबतात. पण एवढं कारण पुरेसं नाही, हे एका अपघाताने कळलं.

मेलेले उंदीर आणि एक प्रथिन

पी-ग्लायकोप्रोटीनचा शोध १९७६ मध्ये कर्करोगाच्या संशोधनाच्या ओघात लागला. औषधाला दाद न देणाऱ्या पेशींच्या आवरणात हे प्रथिन भरपूर सापडलं. ते पेशीत शिरलेलं औषध ऊर्जा खर्च करून बाहेर फेकत होतं. पुढे हेच प्रथिन निरोगी शरीरातही आतड्यात, यकृतात, मूत्रपिंडात आणि मेंदूच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतीत आढळलं. तिथे ते नेमकं काय करतं, हे मात्र नीट माहीत नव्हतं.

ते पाहण्यासाठी ॲमस्टरडॅमच्या नेदरलँड्स कर्करोग संस्थेत आल्फ्रेड शिंकेल आणि सहकाऱ्यांनी ज्यांच्यात हे प्रथिन बनवणारं जनुक बंद केलं आहे असे उंदीर तयार केले. ते दिसायला अगदी ठणठणीत होते. मग उंदरांच्या खोलीत गोचिडांसारख्या बारीक किडींचा त्रास झाला, म्हणून नेहमीप्रमाणे आयव्हरमेक्टिन फवारलं. साधे उंदीर ठीक राहिले आणि जनुक बंद असलेले उंदीर मेले. त्यांच्या मेंदूत आयव्हरमेक्टिन प्रचंड प्रमाणात साचलं होतं. हा शोध १९९४ साली प्रसिद्ध झाला.

यानंतर त्याच गटाने इतर औषधं तपासायला घेतली आणि १९९६ मध्ये लोपेरामाइडबद्दलचे निष्कर्ष छापले. प्रथिन नसलेल्या उंदरांच्या मेंदूत साध्या उंदरांपेक्षा सुमारे १३ पट लोपेरामाइड सापडलं. रक्तातली वाढ त्या मानाने बरीच कमी होती. आणि या उंदरांवर अफूसारखे परिणाम ठळकपणे दिसले. औषध तेच, रिसेप्टर तेच, फक्त एक प्रथिन गेलं आणि जुलाबाचं औषध मेंदूवर चालणारं ओपिऑइड झालं. मला औषधशास्त्रातले जे काही प्रयोग फार आवडतात, त्यात हा अगदी वरचा आहे, कारण तो एका झटक्यात दाखवतो की हा गुण औषधाचा एकट्याचा नाही, घेणाऱ्या शरीराचाही आहे.

हे प्रथिन काम कसं करतं ते समजायला तळाला फट असलेली होडी डोळ्यांसमोर आणा. पाणी सतत झिरपतं आणि नावाडी सतत उपसतो. होडी कोरडी दिसते, पण ती फट बुजलेली आहे म्हणून नव्हे, तर उपसण्याचा वेग झिरपण्याच्या वेगापेक्षा जास्त आहे म्हणून. मेंदूच्या रक्तवाहिनीच्या पेशीत शिरणारं लोपेरामाइड पी-ग्लायकोप्रोटीन पेशीच्या आवरणातच पकडतं आणि रक्ताच्या बाजूला परत सोडतं. यावरून दोन धोके आपोआप दिसतात: झिरपणं फार वाढलं किंवा उपसणारा थांबला, तर मेंदूत औषध साचणार.

कॉली जातीच्या कुत्र्यांमध्ये दुसरा प्रकार निसर्गानेच घडवलेला आहे. त्यांच्यातल्या बऱ्याच कुत्र्यांच्या या जनुकातली चार अक्षरं गळलेली असतात, त्यामुळे प्रथिन अपुरं बनतं आणि कामाचं राहत नाही. हे २००१ मध्ये वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात उलगडलं. अशा कुत्र्याला इतर कुत्र्यांना चालणाऱ्या मात्रेत लोपेरामाइड दिलं तर ते सुस्तावतं, त्याचा तोल जातो. म्हणून घरातली गोळी पशुवैद्याला न विचारता कुत्र्याला देऊ नये.

माणसावर हे पाहिलं कसं?

माणसाचं जनुक बंद करून बघता येत नाही. पण पी-ग्लायकोप्रोटीनला काही तासांसाठी अडवणारी औषधं आहेत, आणि हृदयाच्या ठोक्यांसाठी वापरलं जाणारं जुनं क्विनिडीन त्यांपैकी एक. अमेरिकेतल्या नॅशव्हिल इथल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी स्वयंसेवकांना देखरेखीखाली १६ मिलिग्रॅम लोपेरामाइड दिलं. एका वेळी ते एकटं दिलं, दुसऱ्या वेळी ६०० मिलिग्रॅम क्विनिडीनबरोबर.

मेंदूवर परिणाम झाला की नाही हे मोजायचं कसं? कुणाला 'झोप येते का' विचारून भागत नाही. त्यांनी श्वासाकडे पाहिलं. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूचा खालचा भाग श्वास जोरात घ्यायला लावतो. ओपिऑइड मेंदूत पोचलं की हा प्रतिसाद बोथट होतो. स्वतःच्याच उच्छ्वासाची हवा पुन्हा पुन्हा घ्यायला लावून श्वास किती वाढतो ते मोजता येतं.

एकट्या लोपेरामाइडने काही फरक पडला नाही. क्विनिडीनबरोबर मात्र प्रतिसाद मंदावला. इथे शंका येऊ शकते की क्विनिडीनमुळे रक्तातलंच लोपेरामाइड वाढलं असेल. ते नंतर वाढलंही. पण श्वासावरचा परिणाम त्या वाढीच्या आधीच दिसू लागला होता. म्हणजे रक्तात तेवढंच औषध असताना मेंदूत जास्त जात होतं. माणसातही तीच उपसणी चालते, याचा हा पुरावा.

यावरून रोजच्या वापरात घाबरून जायचं कारण नाही. नेहमीच्या मात्रेत रक्तात इतकं कमी औषध असतं की उपसणी थोडी मंदावली तरी पुष्कळ वाव उरतो. पण ज्यांना बुरशीवरचं केटोकोनाझोल किंवा इट्राकोनाझोल, एचआयव्हीवरचं रिटोनाव्हिर किंवा क्विनिडीन चालू आहे त्यांनी लोपेरामाइड घेण्याआधी डॉक्टरांना सांगावं. यातली बरीच औषधं यकृताची एन्झाइमही अडवतात आणि हे प्रथिनही, म्हणजे झिरपणं वाढतं आणि उपसणं घटतं, दोन्ही एकदम.

लहान बाळांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचं यकृत आणि मेंदूभोवतीची ही व्यवस्था दोन्ही अजून पूर्ण तयार झालेली नसतात. बाळांमध्ये सुस्ती, श्वास मंदावणं आणि आतडं खरोखरच ठप्प होऊन पोट फुगणं असे गंभीर प्रकार झालेले आहेत. म्हणून २ वर्षांखालच्या मुलांना लोपेरामाइड द्यायचंच नाही, आणि मोठ्या मुलांनाही डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय नाही.

मात्रा ओलांडली तर पहिला फटका बसतो हृदयाला

जुलाबासाठी प्रौढांनी सुरुवातीला ४ मिलिग्रॅम आणि नंतर प्रत्येक पातळ शौचानंतर २ मिलिग्रॅम घ्यायचं असतं. स्वतःहून घेताना दिवसाची कमाल मर्यादा ८ मिलिग्रॅम, डॉक्टरांच्या देखरेखीखाली १६. या मर्यादेत नशेचा अंश नाही हे अभ्यासात दिसल्यावर अमेरिकेत १९८२ मध्ये हे औषध नियंत्रित पदार्थांच्या यादीतून काढलं गेलं. त्याआधीचं त्याच कुळातलं डायफेनॉक्सिलेट जास्त मात्रेत मेंदूत पोचतं, म्हणून त्यात मुद्दाम थोडं ॲट्रोपिन मिसळतात. जास्त गोळ्या घेतल्या तर तोंड कोरडं पडून, धडधड होऊन माणूस थांबावा, हा त्यामागचा हेतू. लोपेरामाइडमध्ये असं काही मिसळावं लागलं नाही.

तरीही काहीजण ओपिऑइडची ओढ भागवायला किंवा ती सोडतानाचा त्रास टाळायला मर्यादेच्या कित्येक पट गोळ्या घेतात. उपसण्याची ताकद अमर्याद नाही, त्यामुळे एवढ्या मात्रेत काही औषध मेंदूत पोचतं. पण हृदयाभोवती अशी राखण करणारी भिंत नाही. रक्तात वाढलेलं लोपेरामाइड हृदयाच्या पेशींमधल्या पोटॅशियम आणि सोडियमच्या वाहिन्या अडवतं. ठोक्यानंतर पेशी पुन्हा सज्ज व्हायला उशीर होतो, ईसीजीत क्यूटी अंतर लांबतं आणि त्यातून प्राणघातक ठरू शकणारी अनियमित लय सुरू होते. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१६ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला आणि पुढे विनाचिठ्ठी मिळणाऱ्या पाकिटांतल्या गोळ्यांची संख्याही मर्यादित करायला लावली.

याची खूण सहसा गुंगी नसते. चक्कर, छातीत धडधड, अचानक बेशुद्ध पडणं अशी सुरुवात होते. अशा वेळी लगेच रुग्णालय गाठायचं आणि किती गोळ्या घेतल्या ते न लपवता सांगायचं. मंदावलेला श्वास नॅलोक्सोनने परत येऊ शकतो, कारण ते म्यू रिसेप्टरवरून लोपेरामाइडला हटवतं. हृदयाच्या वाहिन्यांशी त्या रिसेप्टरचा संबंध नसल्याने बिघडलेली लय त्याने सुधारत नाही, त्यासाठी वेगळे उपचार लागतात.

नेहमीच्या मात्रेतही एक परिस्थिती टाळायची. शौचात रक्त आणि अंगात जास्त ताप असेल, किंवा अँटिबायोटिकच्या कोर्सनंतर तीव्र जुलाब लागले असतील, तर संसर्ग आतड्याच्या भिंतीत शिरलेला असू शकतो. तेव्हा हालचाल थांबवली तर जंतू आणि त्यांची विषं आतच कोंडतात, आणि मोठं आतडं धोकादायक रीतीने फुगू शकतं. जुलाब थांबले पण पोट टम्म फुगलं, दुखू लागलं, वारा सरत नाही, असं झालं तर गोळी बंद करून डॉक्टरांकडे जायचं.

मोजपट्टी म्हणून वापर

लोपेरामाइड मेंदूत टिकत नाही, या गुणाचा उपयोग संशोधकांनी उपसणी मोजण्यासाठी करून घेतला आहे. यकृतात तयार होणारं डेसमिथाइल-लोपेरामाइडही पी-ग्लायकोप्रोटीन बाहेर फेकतं. त्याला अल्पायुषी किरणोत्सारी कार्बन जोडून ते अगदी सूक्ष्म मात्रेत शिरेतून देतात आणि पेट स्कॅन करतात, म्हणजे शरीरात किरणोत्सार कुठे आहे ते दाखवणारी तपासणी. निरोगी माणसाच्या स्कॅनमध्ये मेंदू जवळपास रिकामा दिसतो. त्याच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी मात्र उजळते, कारण ती या भिंतीच्या बाहेर आहे. पी-ग्लायकोप्रोटीन अडवणारं टॅरिक्विडार दिल्यावर स्कॅन केला तर मेंदूतही किरणोत्सार दिसू लागतो, आणि तो किती वाढला यावरून त्या माणसाच्या मेंदूची उपसणी किती जोरात चालते ते मोजता येतं.